30 सेंटिमीटर कडेचा काँक्रीटचा अष्टफलक : कामाच्या नोंदी

5 एप्रिल

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या आवारात, निंबाखालच्या कट्ट्यावर, काँक्रीटचा नियमित अष्टफलक बसवायचा ठरला आहे. आठ समभुज त्रिकोणी पृष्ठं, बारा सारख्या कडा. तो अखंड ओतायचा नाही. मधोमध कापल्यासारखे दोन अर्धे वेगळे ओतायचे, म्हणजे वरचा अर्धा उचलला की मुलांना आतला चौरस पाया दिसेल आणि हे दोन पिरॅमिड पायाशी जोडले आहेत हे हाताला कळेल. असं काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

आधी कड किती घ्यायची ते ठरवलं, कारण सगळं वजनावर अडतं. कड 40 सेमी धरली तर एकेक अर्धा 36 किलोचा होतो आणि मुलांना उचलत नाही. 30 सेमी धरली तर अर्धा साधारण 15 किलोचा, दोन मुलं दोन बाजूंनी धरून उचलतात. कड 10 सेमीने उतरवली की वजन निम्म्याहून खाली येतं, कारण घनफळ कडेच्या घनाप्रमाणे बदलतं. 30 पक्के केले.

हिशोब असा. एका अर्ध्याचा पाया 30 × 30, म्हणजे 900 चौसेमी. पिरॅमिडची उंची म्हणजे पायाच्या कर्णाचा अर्धा. कर्ण 42.43, उंची 21.21 सेमी. पिरॅमिडचं घनफळ पाया गुणिले उंची भागिले तीन, म्हणून 900 × 21.21 ÷ 3 = 6,364 घसेमी. एका अर्ध्याला 6.36 लिटर, दोन्ही मिळून 12.73 लिटर. एका ओळीत लिहायचं तर:

V = (√2 / 3) × a³ = 0.4714 × a³

उंची अर्ध्या कर्णाएवढीच का, ते एकदा चित्र काढून बघावं. टोकापासून पायाच्या कोपऱ्यापर्यंतची कड 30. पायाच्या मध्यापासून त्याच कोपऱ्यापर्यंत अर्धा कर्ण, म्हणजे 30/√2. उभी उंची, अर्धा कर्ण आणि ती कड मिळून काटकोन त्रिकोण होतो. पायथागोरसने उंचीचा वर्ग 900 − 450 = 450 येतो, आणि अर्ध्या कर्णाचा वर्गही 450च आहे. म्हणून दोन्ही सारख्या. पूर्ण अष्टफलकात टोकापासून टोकापर्यंत 42.43, आणि पायाचे दोन्ही कर्णही 42.43. तिन्ही आडव्या-उभ्या मापांचा आकडा एकच. पुढे साच्याची तपासणी करताना हा आकडा सारखा लागणार आहे, म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

7 एप्रिल

साच्याच्या मापावर गवंडीआप्पांशी बोलणं झालं. साचा टोक खाली, तोंड वर असा ठेवायचा, म्हणजे उलट्या पिरॅमिडसारखा. तोंड उघडं असलं की भरायला सोपं, आणि भिंती वर उघडत गेलेल्या असल्याने कोंडलेली हवा वर निघून जायला वाट राहते. टोक वर ठेवून ओतला तर तीच हवा तिरक्या पत्र्याखाली अडकून पृष्ठावर भोकं पडतात.

आप्पांनी पुठ्ठ्याच्या नमुन्यात पट्टी तिरक्या पृष्ठावरून घातली आणि माल काढला: "सर, उंची 26 आहे." ते माप बरोबरच होतं, पण ते त्रिकोणाच्या मधून जाणाऱ्या तिरकस उंचीचं, 25.98 सेमी. ते धरलं तर एका अर्ध्याला 7.8 लिटर येतात, म्हणजे जवळजवळ दीड लिटर जास्त. लहान कामात चार ओंजळी माल वाया गेला तर फारसं बिघडत नाही, पण मुलांसमोर सूत्र आणि ओतलेला माल जुळला नाही तर सगळा खेळ फसतो.

आकडेमोडीत न शिरता हे दाखवायचा सोपा मार्ग सापडला. पुठ्ठ्याचा नमुना टोक खाली धरायचा. तोंडाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या ताणायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडायचा आणि तो टोकाला टेकला की दोरीवर गाठ मारायची. मग तीच गाठीपर्यंतची दोरी आडव्या दोरीवर लावून बघायची. ती मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बरोबर पुरते. आप्पांनी दोनदा लावून बघितली, दुसऱ्यांदा दुसऱ्या कर्णावर, आणि 21 च्या आसपासचा आकडा स्वतःच सांगितला. ओळंब्याचं काम रोजचं असल्याने ही तपासणी त्यांना लगेच पटली. सहावी-सातवीच्या मुलांनाही पायथागोरस न शिकवता एवढ्यावर उंची काढता येईल.

9 एप्रिल

फॅब्रिकेशनवाल्याकडून साचा आला. 16 गेजचा पत्रा, 30 सेमी कडेचे चार समभुज त्रिकोण कापून बाहेरून वेल्डिंग केलेलं. कडा आतल्या बाजूने एकमेकींना टेकवल्या आणि वेल्डिंग बाहेरच्या खाचेत भरलं, म्हणून आतलं माप 30 राहिलं. हे सांगावंच लागतं, नाहीतर ते बाहेरचं माप 30 धरून मोकळे होतात आणि पत्रा दीड मिलिमीटरचाच असला तरी घनफळात सुमारे साडेतीन टक्के घट येते.

त्रिकोण चोख होते. प्रत्येक कड पट्टीने मोजली, सगळ्या 30. तरी साचा टोक वर करून वर्गाच्या फरशीवर ठेवला तर तो डोलत होता. आठवीतल्या एका मुलाने बोट लावून दाखवलं, "सर, हाई डोली ऱ्हायनं." समोरासमोरचे दोन कोपरे फरशीला टेकलेले आणि बाकीचे दोन अधांतरी. एक कोपरा दाबून खाली नेला की त्याच्या समोरचा जवळजवळ दीड सेंटिमीटर वर जायचा. तोंडावरचे कर्ण मोजले, एक 41.7, दुसरा 43.1. दोन्ही 42.4 हवे होते.

सगळ्या कडा बरोबर असूनही आकार चुकीचा कसा, हाच या कामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. बंद अष्टफलकाला आठ त्रिकोण असतात आणि तो घट्ट असतो, कडा ठरल्या की आकार ठरला. पण अर्ध्या अष्टफलकाला चारच त्रिकोण आणि एक उघडं तोंड. वेल्डिंगचे पहिले टाके घातले तरी चारही सांधे बिजागरीसारखे हलतात. तोंड चौरसाऐवजी एका बाजूने दबतं, उभ्या मापात दोन कोपरे टोकाजवळ येतात, दोन लांब जातात, आणि तोंडाच्या कडा एका पातळीत राहत नाहीत. वेल्डिंगवाल्याने टाके घालून तसंच पूर्ण वेल्डिंग केलं आणि तो मुरडलेला आकार पक्का झाला. कडा मोजून हे कळत नाही. कर्ण मोजले किंवा फरशीवर ठेवलं तरच कळतं.

आपल्या साच्यात टोकाजवळचे दोन कोपरे उभ्या मापात दुसऱ्या दोघांपेक्षा सुमारे 7 मिमीने जवळ होते. तोच साचा उलटा करून भरला असता तर सगळं पाणी त्या दोन कोपऱ्यांवरून सांडलं असतं आणि बाकीच्या दोन कोपऱ्यांत 7 मिमीची भिंत रिकामी राहिली असती. काँक्रीट तर वरून थापीने सपाट करतात. ते तिरकं भरलं गेलं असतं आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर बसलेच नसते.

11 एप्रिल

साचा परत नेला. त्या दुकानात दुसरं काम चालू होतं, दुपारपर्यंत थांबावं लागलं. ग्राइंडरने एक सांधा पूर्ण उघडला, बाकीचे तीन नुसते कापून सैल केले. मग साचा टोक वर करून जाड लोखंडी पाटावर ठेवला, चारही कोपरे क्लॅम्पने पाटाला आवळले आणि मग पुन्हा टाके घातले.

यात चौरसपणा वेगळा बघावा लागत नाही, हे मला फार आवडलं. टोक चारही कोपऱ्यांपासून 30 सेमीवर आहे. चारही कोपरे सपाट पाटावर टेकले की ते टोकाखालच्या एकाच बिंदूपासून सारख्या अंतरावर येतात, म्हणजे एका वर्तुळावर. चार सारख्या बाजू असलेला आणि वर्तुळात बसणारा चौकोन चौरसच असतो. तोंड सपाट झालं की चौरस आपोआप मिळतो. गुण्याची गरज नाही, सपाट पाट आणि क्लॅम्प पुरे.

पूर्ण वेल्डिंग करताना एका सांध्यावर सरळ शेवटपर्यंत जायचं नाही. इंचभर घालायचं, समोरच्या सांध्यावर जायचं, पुन्हा इंचभर. सलग घातलं तर पत्रा तापून ओढला जातो आणि तोंड पुन्हा उचकतं. शेवटी तोंडाभोवती 20 मिमीच्या अँगलची चौरस चौकट बाहेरून जोडून घेतली. आता कर्ण 42.4 आणि 42.5. चौकटीचा दुसरा फायदा असा की तिच्यावर थापी फिरते.

पहिल्या वेळच्या कामाचे 700 आणि दुरुस्तीचे 250 रुपये गेले. पुढच्या कुणी करायचं तर एवढंच सांगेन की पहिले टाके पडले की साचा पाटावर ठेवून बघा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करू द्या.

12 एप्रिल

पाण्याने तपासणी. सांध्यांना आतून मेण लावलं, साचा विटांमध्ये सरळ उभा केला, तोंडावर लेव्हल ठेवून पाचर मारली. सूत्राप्रमाणे काठोकाठ 6.36 लिटर मावलं पाहिजे.

पहिल्यांदा 6.2 वर सांडायला लागलं, दुसऱ्यांदा 6.45 पर्यंत गेलं. साचा तोच, माप तेच. कारण तोंड मोठं आहे, 900 चौसेमी. त्याच्यावर पाण्याची पातळी एक मिलिमीटर वर-खाली झाली की 90 मिली फरक पडतो. पाचर जरा सैल असली की एका कोपऱ्यावरून आधी सांडतं, आणि पाणी काठाच्या वर फुगूनही राहतं. काठोकाठ भरणं हीच या साच्याची सगळ्यात कच्ची तपासणी आहे.

त्याऐवजी खोली मोजून तपासलं. टोक खाली असलेल्या या साच्यात पाणी h सेमी खोल असेल तर पाण्याचा पृष्ठभाग चौरस असतो, त्याची बाजू h√2, म्हणून पाण्याचं घनफळ

V = 2h³ / 3

कड किती आहे तेसुद्धा इथे लागत नाही, फक्त खोली. 15 सेमी खोलीला 2.25 लिटर आले पाहिजेत, 18 ला 3.89. मोजपात्राने 2.25 लिटर ओतलं आणि ओळंब्याच्या गाठींवर खोली मोजली, 15 च्या अगदी किंचित वर. पुढे 18 पर्यंत नेलं, 3.89 लिटरपेक्षा थोडं कमी लागलं. दोन्ही ठिकाणी पाणी सूत्राच्या मागे एका टक्क्याच्या आत राहिलं. टोकाजवळ वेल्डिंगचा एक थेंब आत आला होता, तो काही मिली जागा खातोय. एवढं चालेल.

मुलांना मात्र दुसराच प्रयोग आवडला. साच्याच्या अर्ध्या खोलीवर खूण केली, साडेदहा सेंटिमीटरवर, आणि विचारलं, इथपर्यंत भरायला किती लागेल? बहुतेकांनी तीन लिटर सांगितलं, कुणी दोन. ओतून बघितलं, 800 मिलीही लागले नाहीत. अर्ध्या उंचीत एकूण घनफळाचा आठवा भाग. उरलेले सात भाग वरच्या अर्ध्या उंचीत. पुढे काँक्रीट ओततानाही हे लक्षात ठेवायला हवं, कारण टोकाकडचा भाग क्षणात भरतो आणि वरचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर संपता संपत नाहीत.

15 एप्रिल

पहिला अर्धा ओतला. सध्या दुपारी ऊन चाळिसाच्या वर जातं, म्हणून पहाटे सुरुवात. सिमेंट, वाळू, खडी 1 : 1½ : 3. कोरडा माल भिजून दाबला की आक्रसतो, तयार काँक्रीटच्या दीडपट कोरडा माल घ्यावा लागतो. एका अर्ध्याला 6.36 लिटर हवं, म्हणून 2 लिटर सिमेंट, 3 लिटर वाळू आणि 6 लिटर खडी घेतली. त्याचं सात लिटरभर काँक्रीट झालं, थोडं घमेल्यात उरलं. पाणी दीड लिटरच्या आत. खडी 10 मिमीची.

आत जळकं ऑइल पुसून घेतलं. तोंडावर प्लायचा एक तुकडा ठेवला आहे, त्याला कर्णावर मध्यापासून दोन्हीकडे 10 सेमीवर दोन भोकं. त्यांतून 8 मिमीच्या तेल लावलेल्या दोन सळ्या काँक्रीटमध्ये 5 सेमी रुतवल्या. सिमेंट आवळलं की त्या फिरवून काढायच्या, म्हणजे दुसऱ्या अर्ध्याच्या खुंट्यांसाठी भोकं तयार. दुसऱ्या अर्ध्यालाही हाच प्लाय वापरायचा. भोकं मध्याच्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर असल्याने वरचा अर्धा उलटा-सुलटा कसाही बसेल.

आप्पांनी लाकडी दांडक्याने कोपरे ठोकले, बाहेरून पत्र्यावर हातोडीचा दांडा मारत हवा काढली. वर थापी फिरवून चौकटीला लागून सपाट केलं. त्यावर भिजलेलं गोणपाट.

17 एप्रिल

दोन रात्रींनंतर साचा उलटा केला. ठोकल्यावर तो सहज सुटला, तिरक्या भिंतींचा हा मोठा फायदा आहे. पृष्ठं चकचकीत आली. फक्त टोक साच्यातच राहिलं.

वरून जवळपास 3 सेमीचा भाग तुटून आत अडकला होता आणि तुटलेल्या जागी खडीच खडी, मधे पोकळ्या. टोकाशी साचा इतका अरुंद आहे की 10 मिमीच्या दोन-तीन दाण्यांनीच तो अडतो. ते दाणे एकमेकांवर कमान करून बसतात आणि सिमेंटचा गारा त्यांच्याखाली पोचत नाही. दांडकंही तिथपर्यंत जात नाही.

घनफळात यामुळे किती फरक पडला ते मुलांकडून काढून घेतलं. टोकाकडचे 3 सेमी म्हणजे 2 × 27 ÷ 3, अवघे 18 मिली. एकूण 6,364 मधले 18. उंचीचा सातवा भाग गेला आणि घनफळाचं काहीच गेलं नाही असं म्हणावं लागेल. पण डोळ्याला ते बोचतं, टोक नसलेला अष्टफलक अष्टफलक दिसत नाही.

टोक पुन्हा लावलं. तुटलेली जागा तारेच्या ब्रशने घासून भिजवली, साच्याच्या टोकात सिमेंट-वाळूचा घट्ट गारा भरला आणि पिरॅमिड पुन्हा त्यात बसवला. साच्यानेच टोकाला आकार दिला.

19 एप्रिल

दुसरा अर्धा. या वेळी आधी खडी नसलेला नुसता सिमेंट-वाळूचा गारा टोकात 4 सेमीपर्यंत भरला, 40-45 मिली, मोठ्या चमच्याने तीन चमचे. लाकडी काडीने टोचला. त्यावर लगेच काँक्रीट, गारा ओला असतानाच, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. या अर्ध्यात सळ्या काढायच्या नाहीत, 4 सेमी बाहेर राहतील अशा कायम रुतवल्या.

ओतताना पाणी सोडणं चुकतं ते इथे. टोकाकडे भराभर भरतं म्हणून हात पातळ माल टाकायला लागतो आणि वर गेल्यावर त्याच मालावर पाणी चढून येतं. वरचा चौरस भाग हाच जोडाचा पृष्ठभाग आहे आणि त्यावर दुधासारखं पाणी साचलं तर तो कमकुवत होऊन झडतो. आप्पांनी दुसऱ्या वेळी पाणी थोडं कमीच ठेवलं.

21 एप्रिल

साचा सुटला, टोकासकट. या टोकावर बोट टेकवलं तर टोचतं. दोन्ही अर्धे शाळेच्या मागच्या हौदात पाण्यात सोडले. एवढ्या उन्हात वरून शिंपून भागत नाही, वरची पापडी तडकते.

28 एप्रिल

आज घनफळ मोजलं, सूत्र न वापरता. दोर बांधून अर्धा लटकत्या डिजिटल काट्यावर हवेत तोलायचा, मग तसाच लटकता ठेवून पूर्ण पाण्यात बुडवून तोलायचा. दोन वजनांतला फरक किलोमध्ये जेवढा, तेवढे लिटर घनफळ, कारण पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो.

काँक्रीट आधी भिजलेलं असणं आवश्यक आहे. सुकं काँक्रीट बुडवलं तर ते बुडबुडे सोडत पाणी पीत राहतं, पाण्यातलं वजन हळूहळू वाढतं, फरक कमी होतो आणि घनफळ कमी भरतं. आमचे दोन्ही हौदातच होते म्हणून ती अडचण आली नाही. हवेत तोलायच्या आधी फक्त ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपलं. खाली तळाला किंवा भिंतीला लागू द्यायचं नाही, लागलं तर आकडा लगेच हलका होतो.

पहिला, टोक चिकटवलेला : हवेत 14.98 किलो, पाण्यात 8.66. फरक 6.32, म्हणजे 6.32 लिटर. दुसरा : हवेत 15.20, पाण्यात 8.80. फरक 6.40 लिटर. सूत्राने 6.36 हवं होतं. बेरीज 12.72, सूत्राची 12.73.

बेरीज एवढी जुळली त्यात थोडा योगायोग आहे, एक जास्त आणि एक कमी आल्याने त्या एकमेकांत जिरल्या. एकेकाचा फरक बघितला तर तो कुठून आला ते कळतं. पहिल्याचा पाया मध्यभागी थोडा खोलगट आहे, थापी फिरवताना दबलेला. त्यावर पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसतो. 900 चौसेमीवर सरासरी अर्धा मिलिमीटर कमी भरला तर 45 मिली जातात. दुसऱ्याचा पाया मध्यभागी किंचित फुगीर आहे, शिवाय बाहेर आलेल्या सळ्यांचेही चार मिली त्यात आहेत. चौरस तोंडाचा सपाटपणा घनफळावर टोकापेक्षा कितीतरी जास्त परिणाम करतो. टोकाकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि थापीकडे कुणाचंच नाही.

फुगीर पाया कार्बोरंडमच्या दगडाने घासून घेतला, नाहीतर वरचा अर्धा त्यावर डोलत राहिला असता.

30 एप्रिल

बसवला. दोन अर्ध्यांमध्ये सिमेंटचा थर द्यावा का, यावर आप्पांशी चर्चा झाली. ते म्हणाले, पाच मिलिमीटरचा थर दिला की फट दिसणार नाही. पण 900 चौसेमीवर 5 मिमी म्हणजे 450 मिली, एकूण घनफळाच्या साडेतीन टक्के, आणि टोकापासून टोकापर्यंतचं अंतर 42.4 ऐवजी 42.9. तो मग नियमित अष्टफलक उरत नाही, मधे चौरस फळी घातलेले दोन पिरॅमिड होतात. शिवाय तो उघडता येणार नाही. थर दिला नाही. अर्धे नुसते खुंट्यांवर बसतात.

खालच्या अर्ध्यासाठी कट्ट्यावर विटांची चौरस बैठक बांधली, आतून 15 × 15 सेमी. टोक खाली गेलं की पिरॅमिड चारही बाजूंनी विटांना टेकतो आणि टोक बैठकीच्या काठापासून 15/√2, म्हणजे 10.6 सेमी खाली लटकतं. म्हणून बैठकीची आतली खोली 12 सेमी ठेवली, नाहीतर टोक तळाला टेकून सगळं वजन त्याच्यावर आलं असतं. टोक चिकटवलेला अर्धा खाली बसवला, ते टोक आता बैठकीत लपलं.

टोकापासून टोकापर्यंत मोजलं, 42.6. पायाच्या दोन कर्णांसोबत तिसरा आकडा, दोन मिलिमीटरचा फरक. वरचा अर्धा उचलून ठेवायला दोन मुलं लागतात. त्यांना एवढंच सांगून ठेवलं आहे की खुंट्या भोकांत जाईपर्यंत बोटं फटीत घालायची नाहीत, कडांना दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवर हात लावून धरायचं.

एकूण खर्च : साचा दुरुस्तीसकट 950, सिमेंट, खडी, वाळू आणि सळी मिळून 350, मेण आणि प्लाय 120 रुपये. काटा आणि हौद शाळेचेच. साचा आता स्वच्छ पुसून, तेल लावून ठेवला आहे. तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेला हवा असेल तर नेता येईल, पण नेल्यावर आधी फरशीवर टोक वर करून ठेवून बघावा. वाटेत कोपरा दबला असेल तर तो डोलेल.